चहाच्या गल्ल्यातला टॅक्स आणि पुड्यातला टॅक्स: उदगीरच्या एका हॉटेलवाल्याची केस

ही केस उदगीरची. माणूस ओळखू येईल असं काही लिहीत नाही, म्हणून त्यांना नुसतं मामा म्हणतो, तसंही सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. मी जीएसटीचं काम बघतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत, हिशोबाची पद्धत मात्र जशीच्या तशी.

पार्श्वभूमी

मामांचं चहाचं हॉटेल. आपल्याकडं चहाच्या दुकानालाही हॉटेलच म्हणतात त्यामुळं टेबल-खुर्च्या वगैरे डोळ्यासमोर आणू नका, दोन बाकडी, एक शेगडी आणि पत्र्याचं शेड. जागा स्वतःची आहे. दिवसाला साधारण सातशे कप, दहा रुपये कप. महिन्याचे झाले २ लाख १० हजार.

त्याशिवाय त्यांचा अजून एक धंदा आहे आणि या केसचा सगळा जीव त्यातच आहे. मामा आसाम पत्तीमध्ये कुटलेली इलायची घालून स्वतःचं मिक्स बनवतात. आधी ते फक्त हॉटेलपुरतं होतं. मग आजूबाजूच्या टपरीवाल्यांनी मागायला सुरुवात केली, पोरानं पाऊच छापून घेतले, आणि आता महिन्याला ४०० किलो पुडे जातात, ३४० रुपये किलो, टॅक्स वेगळा. त्यातला १०० किलो माल बिदरकडं जातो. बिदर म्हणजे आपल्याला शेजारचं गाव पण कागदावर ते कर्नाटक, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या होत्या, आठवत असेल. ती बातमी बिदरवरून इकडं यायला काय वेळ लागतोय. मामांच्या क्यूआरवर तर रोजचे निम्मे पैसे पडतात. घाबरून त्यांनी ऑगस्टमध्ये एका ऑनलाईन फॉर्म भरणाऱ्याकडून नंबर काढून घेतला. तसं बघितलं तर नंबर त्यांना लागतच होता. चहा पाजणं ही सेवा, तिला वर्षाला २० लाखांची मर्यादा आणि मामांचा नुसता कपाचाच धंदा त्याच्या वर जातो. आणि दुसऱ्या राज्यात टॅक्सवाला माल विकायचा तर उलाढाल कितीही असली तरी नंबर घ्यावाच लागतो.

अडचण

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मामा माझ्याकडं आले. हातात तीन महिन्यांची चलनं. म्हणाले, "साहेब, हे लई व्हायलंय. महिन्याला सतरा हजार भरायलोय मी. पत्ती घेताना पण टॅक्स, विकताना पण टॅक्स, मग मी कमवायचं काय?"

चलनं बघितली. महिन्याला १७,३०० रुपये, सगळे रोखीनं. फॉर्म भरणाऱ्यानं काय केलं होतं तर गल्ल्यातल्या २ लाख १० हजारावर सरळ ५ टक्के म्हणजे १०,५०० आणि पुड्यांच्या १ लाख ३६ हजारावर ५ टक्के म्हणजे ६,८००. खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट शून्य. रिटर्नमधला इनपुट टॅक्स क्रेडिटचा रकाना तिन्ही महिने कोरा.

मामांना ते क्रेडिट म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांच्याच पत्तीवर समजावलं. तुम्ही लातूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून २४० रुपये किलोनं पत्ती घेता, त्यावर तो ५ टक्के म्हणजे १२ रुपये लावतो आणि सरकारला भरतो. तुम्ही तीच पत्ती ३४० ला विकता, त्यावर तुम्ही १७ रुपये गोळा करता. सरकारला त्या किलोचे १२ आधीच पोचलेत. तुम्ही फक्त वरचे ५ भरायचे. तुम्ही भरताय १७.

मामा गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे ते बारा रुपये मी दोनदा भरले की."

बरोबर. कपाच्या बाबतीत अजून एक बारीक गोष्ट होती. दहा रुपयाच्या कपावर मामा वेगळा टॅक्स मागत नाहीत, तो दहातच धरलेला आहे. मग २ लाख १० हजारातून टॅक्स काढायचा तर १०५ नं भागून ५ नं गुणायचं, तो येतो बरोबर १०,०००. फॉर्मवाल्यानं टॅक्सवर टॅक्स लावला होता, महिन्याला ५०० जास्त.

पर्याय काय होते

इथं मामा एकदम खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर बिलं घेऊन आले. गॅसची, कागदी कपांची, सगळीच. शेजारच्या कुणीतरी सांगितलं होतं की सगळ्याचंच क्रेडिट मिळतं. कमर्शिअल सिलेंडरवर १८ टक्के, महिन्याला २,७०० टॅक्स. कागदी कपांवर १,४४०. काउंटरवर लागणाऱ्या १०० किलो पत्तीवर १,२००. मिळून ५,३४०. हे सगळं घेतलं असतं तर मामांना लई आनंद झाला असता आणि दोनेक वर्षांनी नोटीस आली असती.

कारण कपाचा चहा हा जीएसटीत रेस्टॉरंट सेवेत बसतो. टपरी असो नाहीतर एसी हॉटेल, १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्यावर दर ५ टक्के, पण अट अशी की त्या सेवेसाठी घेतलेल्या मालाचं क्रेडिट घ्यायचं नाही. आधी दर जास्त होते आणि क्रेडिट मिळायचं, मग दर कमी केला आणि क्रेडिट काढून घेतलं. त्यामुळं गॅस, कप, काउंटरची पत्ती यांच्यावरचा टॅक्स हा मामांचा खर्चच. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर परत भरावं लागतं, वर १८ टक्के व्याज आणि दंडाची टांगती तलवार वेगळी.

पुडा मात्र माल आहे, सेवा नाही. त्याच्यावरही ५ टक्केच आहे पण तिथं क्रेडिट पूर्ण मिळतं. म्हणजे एकाच पोत्यातली पत्ती, शेगडीवर गेली तर क्रेडिट नाही, पाऊचमध्ये गेली तर आहे. हे मामांना पटवायला मला चांगला अर्धा तास गेला. "पत्ती तर एकच आहे की साहेब," हेच पालुपद. मी म्हटलं मामा, पत्ती एक आहे पण गिऱ्हाईक काय घेऊन जातंय ते बघा.

दुसरा पर्याय कंपोझिशनचा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेचा. बरेच हॉटेलवाले तोच घेतात, कागदपत्र कमी, तीन महिन्याला एकदा चलन. मामांच्या पोराला तोच आवडला होता. पण त्यात क्रेडिट अजिबात नाही, पुड्याच्या बिलावर टॅक्स वेगळा लावता येत नाही, आणि मुख्य म्हणजे परराज्यात माल विकता येत नाही. बिदरचा १०० किलो माल बंद करावा लागला असता. कपावर दर तिथंही ५ टक्केच, म्हणजे काउंटरवर काही वाचत नव्हतं. नुसता चहाच विकणारा असता तर मी कंपोझिशनच सांगितलं असतं, खोटं कशाला बोलू.

तिसरा पर्याय पोराच्या नावावर पुड्यांचा धंदा वेगळा करायचा. ही आयडिया पण बाहेरूनच आलेली. एकच घर, एकच गोदाम, एकच क्यूआर, आणि कागदावर दोन मालक. पुढं खरंच पोरगं वेगळं होऊन धंदा करणार असेल तर करा म्हटलं, टॅक्ससाठी म्हणून करू नका. तसाही बिदरला माल जातो म्हणून पोराला पण नंबर लागलाच असता, म्हणजे दोन रिटर्न आणि दोनदा माझी फी.

राहिला एकच मार्ग. आहे त्याच नंबरवर राहायचं, पुड्यांचं क्रेडिट पै न पै घ्यायचं आणि काउंटरचं सोडून द्यायचं.

काय केलं

पहिली अडचण लगेच आली. लातूरच्या व्यापाऱ्याच्या बिलावर मामांचा जीएसटी नंबरच नव्हता. नुसतं "रोख". मामांनी कधी दिला नाही आणि त्यानं कधी मागितला नाही. आता क्रेडिट मिळायला काय लागतं तर आपला नंबर असलेलं पक्कं बिल, माल हातात आलेला, आणि त्या व्यापाऱ्यानं ते बिल आपल्या नंबरवर त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये टाकलेलं. मग ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं, दर महिन्याच्या १४ तारखेला तो तक्ता पोर्टलवर तयार होतो. तिथं दिसलं नाही तर हातात बिल असून उपयोग नाही. आणि व्यापाऱ्याचे पैसे १८० दिवसांच्या आत द्यायला लागतात, नाहीतर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. मामा रोखीनं घेतात त्यामुळं हा शेवटचा प्रश्न नव्हता, पण उधारीवर माल उचलणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

मामांचा २बी उघडला तर कोरा. मी व्यापाऱ्याच्या मुनिमाला फोन लावला, मागचे तीन महिने दुरुस्त करून द्या म्हटलं. करता येतं ते, रोख विक्रीच्या एकत्र रकमेतून तेवढी कमी करायची आणि बिल मामांच्या नंबरवर टाकायचं. मुनीम म्हणाला, "साहेब, तीन महिन्याच्या रोख विक्रीत तुमच्या मामांचं कुठलं ते मी आता कुठं शोधत बसू? इथून पुढं नंबर टाकतो, मागचं सोडा." मामांनी स्वतः जाऊन बघितलं, चहा पाजला म्हणे, पण नाही ते नाहीच. इलायचीवाल्याचं आणि पाऊचवाल्याचं पण तेच. मागं लागून ते होण्यासारखं नव्हतं म्हणून आम्ही सोडून दिलं. कपावर जास्त भरलेले महिना ५०० मात्र आपल्याच रिटर्नमधले होते, ते पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती टाकून वळते करून घेतले.

मग खरा निर्णयाचा मुद्दा. एका बिलावर ५०० किलो पत्ती येते, त्यातली पुड्याला किती आणि शेगडीला किती हे ठरवायचं कसं? मामांचं म्हणणं, अंदाजानं चारशे-शंभर धरा. अंदाज बरोबरच निघाला असता कदाचित. पण अधिकाऱ्यानं विचारलं तर दाखवायचं काय? दोन वेगळी बिलं मागवायची अशी एक कल्पना होती, पण बिल वेगळं असलं म्हणून पत्ती त्याच कामाला गेली हे काही सिद्ध होत नाही.

शेवटी वजनाची वही ठेवली. साधी शंभर पानी वही, काट्याजवळ सुतळीनं बांधलेली. पोतं फुटलं की तारीख आणि वजन. रोज सकाळी काउंटरच्या डब्यात किती भरली ते वजन. पाऊच भरले की किती किलो. महिन्याच्या शेवटी उरलेली पत्ती मोजायची. पहिल्या आठवड्यात वही आणि काटा जुळेना, रोज दीडेक किलो गायब. नंतर कळलं की सकाळी हॉटेल उघडणारं पोरगं डबा संपला की पाऊचच्या ढिगातून पत्ती काढायचं आणि लिहायचं नाही. त्या वहीवर आता चहाचे एवढे डाग पडलेत की काही पानं वाचायला उजेडात धरावी लागतात, पण आकडे खरे आहेत.

आता नोव्हेंबरचा हिशोब. ५०० किलो पत्तीच्या बिलावर टॅक्स ६,०००. वहीप्रमाणं ४०० किलो पुड्यांना, म्हणजे ४,८०० घ्यायचे. इलायची १०,००० ची, सगळी मिक्समध्येच जाते, तिचे ५००. पाऊच ५,००० चे, त्यावर १८ टक्के म्हणजे ९००. आणि माझी फी १,०००, तिच्यावर १८० रुपये टॅक्स.

या १८० ची गंमत बघा. माझं काम काउंटरसाठी पण आहे आणि पुड्यांसाठी पण. असा सामाईक खर्च असेल तर क्रेडिट उलाढालीच्या प्रमाणात वाटायचं. एवढ्या हिशोबापुरती कपाची विक्री करमुक्त असल्यासारखी धरायची, टॅक्स तिच्यावर भरतोच आपण, पण क्रेडिट मिळत नाही म्हणून. कप २ लाख, पुडे १ लाख ३६ हजार, एकूण ३ लाख ३६ हजार. १८० पैकी १०७ गेले, ७३ मिळाले. मामा हसले, ७३ रुपयासाठी एवढं? पण हीच पद्धत उद्या मोठ्या भाड्याला नाहीतर मोठ्या मशीनला लागणार, म्हणून पहिल्या दिवसापासून तशीच ठेवली.

रिटर्न भरताना ६,००० मधले १,२०० लपवायचे नाहीत. टॅक्स भरायचं रिटर्न म्हणजे जीएसटीआर-३बी, त्यात तक्ता ४ आहे, त्याच्या ए भागात २बी मध्ये दिसणारं सगळं क्रेडिट दाखवायचं आणि बी भागाच्या पहिल्या ओळीत न मिळणारं उलटवायचं, म्हणजे काउंटरच्या पत्तीचे १,२०० आणि फीमधले १०७. थेट कमी रक्कम टाकली तर २बी आणि ३बी जुळत नाहीत आणि तिथूनच पत्रव्यवहार सुरू होतो.

निकाल

पुड्यांवरचा टॅक्स ६,८००. क्रेडिट ४,८०० + ५०० + ९०० + ७३ म्हणजे ६,२७३. भरायचे राहतात ५२७. कपाचे १०,००० रोख. एकूण १०,५२७, आधी १७,३०० जायचे. महिन्याला ६,७७३ चा फरक.

पण नोव्हेंबरला हा आकडा आलाच नाही! पाऊचवाला तीन महिन्यांनी रिटर्न भरणारा निघाला. अशा व्यापाऱ्याला मधल्या महिन्यातली बिलं टाकायची सोय पोर्टलवर आहे, त्यानं ती वापरली नाही. त्यामुळं ९०० रुपये २बी मध्ये दिसले नाहीत आणि मामांनी नोव्हेंबरला पुड्यांचे १,४२७ भरले. एकूण ११,४२७, मागचे वळते करून घेतलेले यात धरले नाहीत. मामांना वाटलं परत काहीतरी बुडालं. बुडालं नव्हतं, जानेवारीत डिसेंबरचा २बी आला त्यात ते बिल दिसलं. डिसेंबरला नवीन पाऊच घेतलेच नव्हते, विक्री-खरेदी बाकी तीच, म्हणून त्या महिन्याला बरोबर १०,५२७ चं चलन निघालं.

काउंटरवर टॅक्स अजूनही दहा हजारच जातोय, तो कमी होणार नाही. वाचलेल्या पैशातून मामांनी बिदरच्या टपरीवाल्यांना किलोमागं पाच रुपये सोडले. ती गिऱ्हाईकं नंबर नसलेली आहेत, त्यांना क्रेडिटचं काही पडलेलं नाही, त्यांना हातात पडणारा भाव दिसतो. धंद्याच्या दृष्टीनं मला ते पटलं.

काय वेगळं करता आलं असतं

नंबर आला त्या दिवशीच तो सगळ्या व्यापाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला पाहिजे होता. एवढ्या एका मेसेजवाचून तीन महिन्यांचे अठरा हजारांच्या वर गेले. २०२५-२६ च्या बिलांचं क्रेडिट घ्यायला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंतच, म्हणजे कायद्यानं दार उघडं होतं, व्यापाऱ्यानं लावून घेतलं. फॉर्म भरणाऱ्याला मी फार दोष देत नाही, त्याला पैसे नंबर काढायचे मिळाले होते. पण बिलं न बघता रिटर्न भरणं म्हणजे आंधळ्यानं दळण दळण्यासारखं आहे.

पाऊचवाला बदलायचा का हा मुद्दा पण निघाला होता. बदलला नाही. क्रेडिट उशिरा येतं, बुडत नाही, आणि त्याचा भाव चांगला आहे. बिल टाकतच नसता तर वेगळं.

एक गोष्ट अजून नीट बसलेली नाही. काउंटरवर चहा पिणारं गिऱ्हाईक जाताना पाव किलोचा पुडा पण घेऊन जातं आणि पैसे त्याच क्यूआरवर टाकतं. पुडा काउंटरवरून विकला तरी तो मालच, त्याचं क्रेडिट मिळतं, पण ते पैसे कपाच्या पैशात मिसळले की वहीतला पुडा आणि विक्रीतला पुडा जुळत नाही. मी पुड्यांसाठी वेगळा क्यूआर लावा म्हटलंय. मामा म्हणतात दोन क्यूआर बघून गिऱ्हाईक गोंधळतं. सध्या पोरगं पुडा विकला की बिल पुस्तकात पावती फाडतं आणि रात्री गल्ल्यातून तेवढी रक्कम वेगळी लिहितं. गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळच्या गाड्या लागतात तेव्हा, ते विसरतं.